आईंच्या पलंगासमोरचा टीव्ही

सासूबाईंचं उजवं अंग लुळं पडलं आणि त्यांचा पलंग बैठकीत आला. टीव्ही तिथंच, डावीकडच्या दक्षिणेच्या भिंतीवर, पाहुण्यांना दिसावा म्हणून उंच लावलेला. आई मान मुरगळून बघायच्या आणि थोड्याच वेळात डोळे मिटायच्या. घरचे म्हणायचे, त्यांचं आता कशातच मन लागत न्हाई. अहो, मान दुखते त्यांची! पण ऐकतंय कोण. डायपर बदला, पेज भरवा, कूस वळवा, यातच मी इतकी दमायची की भांडायलाही त्राण उरायचं नाही.

एका रविवारी नवरा म्हणाला, "पलंगच फिरवू, जल्दी होऊन जाईल." फिरवला. आईंनी डावा हात उचलून पायांकडं दाखवलं. "द... दक्षिण." पाय दक्षिणेला झाले होते, मेलेल्या माणसाचे करतात तसे. मला नवऱ्याचा असा राग आला! ज्या बाईच्या हुकमावर हे घर चाललं, तिच्या हातात आता काहीच उरलं नव्हतं, आणि विचारायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. पलंग परत होता तसा केला.

मंग टीव्हीच हलवला. पायथ्याशी टेबल मांडून त्यावर ठेवला. आईंना उशांवर टेकवलं की नजर सरळ चित्राच्या मधोमध जाईल, इतपत उंच. काचेवर खिडकी चमकायला लागली, तर खिडकीला जुनी चादर अडकवली. डिशचा डबा टीव्हीमागं ठेवला तर रिमोट चालेना, म्हणून तो पुढं आणला. एवढं करून नवऱ्यानं रिमोट कुठं ठेवावा? उजव्या उशाशी!

"तिकडचा हात हलतो का त्यांचा?" मी ओरडलेच.

रिमोटवरचं प्लास्टिक काढून टाकलं, त्यावरून बोटं घसरायची. डाव्या कठड्याला तो नाडीनं बांधला, म्हणजे पडला तरी ओढून घेता येईल. आवाजाचं तर विचारूच नका. भेटायला येणारा प्रत्येक जण तो वाढवायचा, जशी काही बाई बहिरीच झाली. कान बिलकुल शाबूत आहेत त्यांचे. मी त्यांच्या उशीवर डोकं ठेवून ऐकलं आणि शब्द कळतील इतपत बारीक केला.

दुपारी नवरा बाहेर गेला. मी पलंगाला पाठ टेकून खाली बसले. मालिका चालू होती, डोळा कधी लागला कळलंच नाही. जाग आली तेव्हा टीव्हीत दोघी जावा हातवारे करून भांडत होत्या, पण आवाज कसला तो नाही. बिघडला वाटतं मेला, म्हणून वळून बघितलं.

आईंचा अंगठा रिमोटवर होता. आजारी पडल्यापासून त्यांनी कुणासाठी काही केलं नव्हतं, करताच येत नव्हतं. त्या अर्ध्या तोंडानं म्हणाल्या, "झोप."

कपडे वाळत घालायचे राहिले होते. मी पुन्हा डोकं टेकलं.