मऊ पंजे

भिंगमामाचं भिंग कामाच्या वेळी डोळ्यांवर असतं आणि उरलेल्या वेळी कपाळावर. जेवताना, भाजी घेताना, ओळखपत्राचा फोटो काढतानासुद्धा. फोटोवाल्याने ते काढायला सांगितलं तेव्हा मामा म्हणाला, "काढलंच आहे की, वर केलंय ना!" भाचीने ठेवलेलं नाव आधी बहिणीने उचललं आणि मग सगळ्या गल्लीने.

मामा सोनार; त्यातही खडे बसवण्यात हात बसलेला. त्याच्या टेबलाखाली चामड्याची झोळी बांधलेली असते, कानशीतून उडालेली सोन्याची धूळ तिच्यात पडावी म्हणून. रोज घालायची खड्याची अंगठी करायला कुणी आलं, की मामा सोन्याचं काही विचारत नाही. आधी हात बघतो.

"भांडी कोण घासतं?"

"मीच."

"मग अठरा कॅरेट."

"पण बावीस चांगलं ना?"

इथून मामाचं प्रवचन सुरू होतं. बावीस चांगलंच, बांगडीला, साखळीला. त्यात चोवीस भागांतले बावीस भाग सोनं, म्हणून रंग गडद आणि अंग मऊ. पण खड्याला धरतात ते पंजे काडीपेक्षा बारीक. टॉवेलचा धागा अडकला की वाकतात, दाराच्या कडीला लागले की उठतात. अठरात सहा भाग तांबं आणि चांदी. त्याने पंज्यांना कणा येतो. रंग जरा फिका पडतो, मोडायला गेलं तर सोनं कमी भरतं, हे मामा लपवत नाही. पण रोजच्या अंगठीचं पहिलं काम काय, तर खडा धरून ठेवणं.

हे प्रवचन मामाने सगळ्यांना दिलं. फक्त ताईपुढे त्याची जीभ टाळूला चिकटली.

ताई म्हणजे मोठी बहीण. दोन दुकानं सोडून तिची बेकरी. आई गेली तेव्हा तिचा म्हणून एकच दागिना मागे राहिला होता, मोडक्या बाळीतला निळा नीलम. तो डबीत घालून ताई आली.

"याची अंगठी कर. बावीसमध्ये."

"ताई, रोज घालणार असशील तर अठरा..."

"चोवीसपैकी अठरा म्हणजे पंच्याहत्तर टक्के. मला पंच्याहत्तर मिळाले होते तेव्हा आई दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी. तिचाच खडा पंच्याहत्तर टक्क्यांत बसवू?"

"बरं, बावीस. मग निदान चारी बाजूंनी सोन्याची कड घेऊ. मऊ सोन्यात तेच टिकतं."

"आणि उजेड कुठून जाणार? पंजेच हवेत. चार."

"रोज नाही ना घालणार?"

"छे! कुठे जायचं असलं तरच."

मामाने अंगठी केली. ताई दुसऱ्या दिवसापासून ती घालून रोज बेकरीत जाऊ लागली. जायचं होतं ना कुठेतरी! आठ महिन्यांत मामाने तीनदा पंजे दाबून दिले आणि तिन्ही वेळा स्वतःलाच शिव्या घातल्या.

एका मंगळवारी सकाळी अकराला भाची धापा टाकत दुकानात आली.

"मामा, खडा नाही! आई म्हणते पिठात गेला. आणि पिठाचे बन झाले. एकशे चाळीस!"

मामा हातातलं काम टाकून उठला. आईची एकुलती एक खूण, आणि ती गेली तर आपल्या भिडस्तपणापायी. तो तसाच पळाला.

बेकरीत ताई भट्टीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. बोटात रिकामी अंगठी.

"भाजून निघाले. नीलम जळला असेल का रे?"

"नाही. त्याला या भट्टीचं काही वाटत नाही. पाचू असता तर रडलो असतो."

"मग फोडा!"

तिघांनी बन फोडायला घेतले. बनाचे दोन भाग, दोनाचे चार, मग चिमटीत धरून चुरा. चाळीस झाले, साठ झाले. वास गल्लीत गेला आणि शिंपी आला, मागोमाग कुलुपं दुरुस्त करणारा. चुरा फुकट मिळतोय म्हटल्यावर दोघंही बाकावर बसले.

"खा, पण हळू चावा," ताईने बजावलं. "आणि गिळायच्या आधी सांगा."

"काय सांगू?"

"गिळतोय म्हणून!"

मग बराच वेळ बेकरीत "गिळतोय" आणि "गिळ" एवढंच ऐकू येत होतं. शिंपी एकदा मध्येच थांबला. डोळे मोठे झाले, गाल फुगला. त्याने दोन बोटं तोंडात घालून काहीतरी बाहेर काढलं.

"माझीच दाढ," तो म्हणाला. "हलतच होती."

एकशे चाळीसावा बन फुटला. खडा नाही. ताई मैद्याच्या पोत्यावर बसली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला. "आईचं एवढंच होतं रे."

भाची मामाकडे बघत होती. म्हणजे त्याच्या कपाळाकडे.

"मामा, तू अंगठी बघितलीस का?"

मामाचा हात कपाळाकडे गेला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या अंगठ्या भिंगाखाली बघणारा माणूस एकशे चाळीस बन फोडून बसला होता आणि ज्या अंगठीतून खडा पडला तिच्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नव्हतं.

भिंग खाली आलं. दोन पंजे एकाच बाजूला सपाट झोपले होते. तिसऱ्यात काहीतरी अडकलं होतं, केसाएवढं.

"पीठ नाही. धागा आहे. करडा. करडं काय आहे तुझ्याकडे?"

ताईने भट्टीतून ट्रे काढायचा जाड हातमोजा उचलला. आतलं अस्तर फाटलेलं, करडं. मामाने तो उलटा करून झटकला. आधी जुने पावाचे कण पडले, मग अंगठ्याच्या टोकातून टक्कन नीलम.

शिंप्याने टाळ्या वाजवल्या, दाढ हातात धरूनच.

ताईने खडा पदराला पुसला. मग पुन्हा ताठ झाली. "मोज्याचा दोष. अस्तर शिवून घेते."

या वेळी मात्र मामाची जीभ सुटली. "ताई, पिठात मीठ का घालतेस?"

"चव येते. आणि मिठाशिवाय पीठ ढिलं पडतं, आकार धरत नाही."

"मीठ घातलं म्हणून मैदा नापास झाला?"

ताईने मोजा बाजूला सारला.

"तुझं पीठ तसं माझं सोनं. तांबं-चांदी घातली की पंजे आकार धरतात. नाही घातली की असे झोपतात. आईचा खडा टक्क्यांत नाही बसवायचा, घट्ट बसवायचा."

ताईने फुटलेल्या बनांच्या ढिगाकडे बघितलं. अंगठी काढून त्याच्या हातावर ठेवली. "घाल मीठ."

मामाने जुनी अंगठी तिच्यासमोरच तोलली, तीन ग्रॅम सहाशे मिलिग्रॅम. मग वितळवली, त्यात मोजून तांबं आणि चांदी टाकली, नवीन पंजे उभे केले. ते दाबून नीलम बसवताना मनगटाला चांगलाच जोर लावावा लागला, आणि मामाला फार बरं वाटलं.

खडा बसवायच्या आधी रिकामी अंगठी त्याने पुन्हा तोलली होती. काट्याचा आकडा त्याने ताईला सांगितला. कानशीत थोडी धूळ जाऊनसुद्धा चार ग्रॅम तीनशे.

ताईचे डोळे चमकले. "वाढली?"

"सोनं तेवढंच आहे, ताई. वरचं वजन तांब्या-चांदीचं..."

"तेच सोनं, वर सातशे मिलिग्रॅम जास्त! आणि हे तू आठ महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंस?"

"अगं, सांगत होतो..."

ती निघूनही गेली होती. आता बेकरीत बन घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हात पुढे करून खडा हलतो का बघायला लावते, आणि बावीसची अंगठी अठरात नेली की सोनं कसं फुगून येतं ते समजावते. त्यातली निम्मी माणसं मामाच्या दुकानात येतात. मामा त्यांचं फुगलेलं सोनं आधी खाली आणतो, मग विचारतो, "भांडी कोण घासतं?"