राग आमचा वैरी नव्हे

मला वाचायला शिकवलं ते पत्रकांनी. वडील बडोद्याला रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात खिळे जुळवत आणि शाई फिसकटलेले, वाकडे छापले गेलेले कागद घरी आणत. दारूबंदी, बालविवाह, हुंडा, चहाचे दुष्परिणाम, बायकांचा मालमत्तेवरचा हक्क. ज्याला जे सांगायचं असेल ते चार पानांत. आमच्या कपाटाच्या फळ्यांवर तेच कागद अंथरलेले असत, त्यामुळे डाळीचा डबा काढता काढता माझं समाजसुधारणेचं वाचन होई. विशीत येईपर्यंत माझी खात्री झाली होती की जगातलं कुठलंही दुखणं खणखणीत शब्दांत मांडलं की बरं होतं.

अशी मी बालवर्गात शिक्षिका म्हणून लागले. सुरसागर तलावाजवळ एका घराचा खालचा मजला, दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात एक झोपाळा आणि वाळूचा हौद. तीन ते पाच वर्षांची बावीस मुलं, अर्धी मराठी, अर्धी गुजराती. वर्ग चालवणाऱ्या मोठ्या बाई काठियावाडात नव्या पद्धतीचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. वर्गात छडी नव्हती. एवढ्या एका गोष्टीसाठी मी निम्म्या पगारावरही राहिले असते. मुलांना मारणाऱ्या मास्तरांविषयी माझं मत तेव्हा होतं तेच आजही आहे. दुबळ्यावर हात उगारणारा माणूस शिकवत नाही, फक्त आपला राग उतरवतो.

वर्गात चार वर्षांची एक मुलगी होती. तिचे वडील सरकारी घोडदळात जमादार, घराण्यात चार पिढ्यांची शिपाईगिरी. मुलगी बोलायची कमी आणि चावायची फार. एकदा झोपाळ्यावरून उतरायला सांगितलं म्हणून तिनं दुसऱ्या मुलीच्या दंडाला असा चावा घेतला की जमादारांना बोलवावं लागलं. ते दारातच उभे राहिले, बूट काढावे लागतील म्हणून आत आले नाहीत. पुन्हा तक्रार आली तर पोरगी घरी बसेल, सक्तीच्या शाळेचं वय होईल तेव्हा बघू, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं तिनं ओट्यावर बसून रस्ता बघायचा. त्या घरात आई आजारी असायची, आणि मुलीशी दिवसभर बोलायला कुणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी जमादारांना म्हटलं, पुन्हा तक्रार येणार नाही. माझा शब्द.

मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. रागाला आपल्याकडे षड्रिपूंत घातलेलं आहे, तेव्हा शत्रूशी लढायला मुलांना शिकवायचं. मी फळ्यावर लाल खडूनं दात विचकणारा राक्षस काढला, खाली मोठ्या अक्षरांत ‘राग’ लिहिलं, आणि घोषणा रचली: ‘राग आमचा वैरी, हाकलू त्याला बाहेरी!’ मुलांना ती बेहद्द आवडली. मुठी वळून, पाय आपटून बावीस मुलं ओरडायची. गुजराती मुलंसुद्धा. मोठ्या बाई बाजूच्या खोलीतून येऊन बघून गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, “राक्षस छान काढलाय. आत शिरला तर बाहेर कसा काढणार, ते मुलांना सांगितलंत का?” मला तो टोमणा वाटला. मी मनावर घेतला नाही.

आणि मुलगी चावायची थांबली. पंधरा दिवस एकही तक्रार नाही. ती कोपऱ्यात गप्प बसायची, कधी कधी एक हात पोलक्यात खुपसून. मी वडिलांना घरी सगळं सांगितलं. ते म्हणाले, चार पानं लिही, छापू. मी दोन लिहिलीसुद्धा.

सोमवारी हात धुताना मोठ्या बाईंनी तिची बाही वर सरकवली आणि मला हाक मारली. मनगटापासून कोपरापर्यंत दातांचे ठसे होते. काही जुने, पिवळे पडलेले, काही त्याच सकाळचे. मी खाली बसून विचारलं, हे कुणी केलं. तिनं अगदी साधेपणानं उत्तर दिलं, वर्गात विचारलेलं उत्तर द्यावं तसं.

“वैरी माझ्यात आहे ना. त्याला चावते.”

मला रडू आलं नाही, लाज वाटली. ज्या हातांनी मी फळ्यावर राक्षस काढला त्याच हातांनी त्या दिवशी तो पुसला. पण पुसून काय होतं? दुसऱ्या दिवशी जमादार पुन्हा दारात. घरी अंघोळ घालताना ठसे दिसले होते. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, लोकांच्या पोरांना चावत होती ते परवडलं. शनिवारी सुटीच्या वेळी मी स्वतः न्यायला येईन. तोवर फरक दिसला तर ठीक, नाहीतर ही शेवटची खेप. मी चूक माझी असल्याचं कबूल केलं. ते म्हणाले, ते कळतंय मला.

हातात चार दिवस होते. मोठ्या बाई मला रागावल्या नाहीत, पण त्यांनी ती दोन पानं मागून घेतली आणि चुलीकडे ठेवली. मग मुलं गेल्यावर अंगणात बसून जे सांगितलं ते मी आजपर्यंत शंभरदा वापरलं आहे. राग येणं ही चूक नाही. चावणं चूक. मुलाला दोन्ही वेगळं कळलं पाहिजे. येईल ते येऊ दे, पण दुखवू द्यायचं नाही, दुसऱ्याला नाही नि स्वतःलाही नाही. आणि भावनेचं नाव शिकवायचं ते रडारड चालू असताना नव्हे. तेव्हा मूल ऐकत नसतं. नाव शिकवायचं ते एरवी, पाणी पिताना, चप्पल घालताना, लहान लहान गोष्टींत, म्हणजे मोठ्या वेळी ते हाताशी असतं.

मी विचारलं, आणि चुकीचं नाव सांगितलं तर?

“तर मूल सांगेल. तुम्ही फक्त ऐकायला थांबा. तुम्हाला थांबणं जमत नाही, बाई.”

जमत नव्हतंच. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाच्या मागे लागून भावना वाटत फिरले. वाळूत बसलेल्या एका गुजराती मुलाला म्हटलं, तुला आनंद झालाय. तो म्हणाला, “ना, मने भूख लागी छे.” मोठ्या बाई खांबाआड हसत होत्या. पण हळूहळू बोटांना खिळे सापडावेत तसे शब्द सापडू लागले. झोपाळ्याची पाळी यायला वेळ लागला की “वाट बघून कंटाळा आला.” नवा फ्रॉक घातलेली मुलगी दारात अडखळली की “सगळे बघतात म्हणून लाज वाटते.” माझ्याबद्दलही सांगायचं होतं. माझ्या हातून शाईची दौत सांडली तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, “मला स्वतःचा राग आला. आता मी फडकं आणते.” जमादारांची मुलगी दुरून बघत होती. बाईलाही वैरी असतो, आणि बाई त्याला चावत नाही, फडकं आणते. हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

गुरुवारी तिची चप्पल सापडेना. मनगट तोंडाकडे गेलं. मी जवळ बसून म्हटलं, “चप्पल हरवली. भीती वाटली, घरी ओरडतील.” तिनं मान हलवली, हो म्हणून. हात खाली आला. चप्पल हौदामागे सापडली. एवढंच घडलं, पण त्या संध्याकाळी मी घरी जाताना मांडवीपर्यंत गाणं गुणगुणत गेले.

शनिवारी शेवटच्या तासाला मुलं मणी ओवत होती. तिनं लांबलचक निळी माळ केली होती. शेजारच्या मुलीला आपल्या माळेसाठी निळे मणी हवे होते, आणि ओवलेली माळ कुणाची असते हे तिला अजून कळत नव्हतं. तिनं गाठ सोडली आणि मणी काढून घेतले. उरलेले जमिनीवर घरंगळले. जमादारांच्या मुलीनं मण्यांची अख्खी थाळी भिरकावली, किंकाळी फोडली आणि जमिनीवर आडवी झाली. नेमके त्याच वेळी दारात जमादार, सुटीच्या आधी दहा मिनिटं.

मला खरं तर त्यांच्याकडे बघून काहीतरी सांगायचं होतं. चांगलं, ठाम, चार पानांचं. मी बघितलं नाही. मोठ्या बाईंनी बाकी मुलांना अंगणात नेलं. मी मुलीशेजारी जमिनीवर बसले. ती मनगट तोंडाकडे नेऊ लागली तेव्हा मी माझा तळहात मधे घातला.

“चावू देणार नाही. तुला दुखेल. मी इथेच आहे.”

मग गप्प बसले. ती लाथा झाडत होती, मी एक थाळी बाजूला सरकवली, बस. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. जमादारांचा बूट उंबऱ्यावर दोनदा वाजला. किंकाळीचं रडणं झालं, रडण्याचे हुंदके झाले. तेव्हा मी म्हटलं, “माळ मोडली. फार राग आला.”

“राग नाही.”

मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून थांबले.

“आईला द्यायची होती,” ती म्हणाली. “आता आईला काहीच नाही.”

“मग वाईट वाटलं.”

“खूप वाईट वाटलं.” आणि ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून नीट, शहाण्या माणसासारखी रडली. नंतर उठून नाक पुसलं. काय करावं असं मी विचारल्यावर तिनंच सांगितलं: मणी वेचायचे, आणि त्या मुलीला सांगायचं की ती माळ आईची होती. दोन्ही केलं. त्या मुलीनं निळे मणी परत दिले, एक लाल वर.

जमादार बूट काढून आत आले होते, हे मला तेव्हा दिसलं. ते मणी वेचायला वाकलेही होते, पण त्यांच्या बोटांत एकही मणी येत नव्हता. मला म्हणाले, “बिथरलेल्या घोड्यापाशी आम्हीही असंच करतो. उभं राहायचं. आवाज करायचा नाही.” मग मुलीकडे बघत, “पोरीपाशी कधी सुचलं नाही.”

मी विचारलं, सोमवारी येईल ना?

त्यांनी बूट चढवले. मुलीचा हात धरला आणि गेले. रविवार मी कसाबसा काढला.

सोमवारी सकाळी ते दोघे दारात. मुलगी वडिलांचं बोट सोडेना. जमादार खाकरले, इकडे तिकडे बघितलं, मग गुडघ्यावर बसले, शिपायासारखे, पाठ ताठ ठेवून, आणि हळूच म्हणाले, “तुला... काय ते... भीती वाटते का?”

“नाही, आबा,” ती म्हणाली. “मला झोप येतेय.”

आणि बोट सोडून ती आत आली.