चंदाच्या आवडीनिवडी

चंद्रप्रभा देवस्थळी, म्हणजे आमची चंदा, हार्मोनियम दुरुस्त करायची. हे वाक्य तिच्या परिचयपत्रात यावं म्हणून मला तिच्या आईवडिलांशी जेवढं भांडावं लागलं, तेवढं मी माझ्या स्वतःच्या सासूशी कधी भांडले नाही.

मी मानक नगरला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचे. लखनौच्या मराठी मंडळात वधू-वर परिचयाचं काम एकोणिसशे त्र्याहत्तरपासून माझ्याकडे होतं, कारण दुसरं कोणी घेत नव्हतं. मुलामुलींचे कागद यायचे. मी ते वाचायचे, नक्कल करायचे आणि पुण्या-नागपूरच्या मंडळांना पाठवायचे. नाव, जन्मतारीख, उंची, वर्ण, शिक्षण आणि शेवटी आवडी. आवडींच्या ओळीत सगळ्यांचं एकच: वाचन, प्रवास, संगीत, स्वयंपाक. जो मुलगा कधी कानपूरच्या पलीकडे गेला नाही, त्यालाही प्रवासाची आवड. नावं झाकली तर कोणाचा कागद कोणता ते मलाही ओळखता आलं नसतं. मला या ओळीचा मनापासून राग होता.

चंदा औषध संशोधनाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. वय एकोणतीस. वडील राजाराम रेल्वेच्या संशोधन कार्यालयात ड्रॉइंगचं काम बघत, आणि पुढच्या वर्षी निवृत्त होऊन सांगलीला परतणार होते. त्याआधी मुलीचं जमलं पाहिजे, ही त्यांची आणि चंदाच्या आईची, म्हणजे मधुमतीवहिनींची, रात्रंदिवसाची काळजी. चंदाला एकटीला लखनौत ठेवायला ते तयार नव्हते, आणि नोकरी सोडून सांगलीला जायला ती तयार नव्हती.

तिला पेटीचं वेड लागलं ते अमीनाबादच्या रज्जन मियाँच्या दुकानात. मंडळाची पेटी दुरुस्तीला घेऊन गेली आणि चार वर्षं दर रविवारी जातच राहिली. पेटीत पितळेच्या पट्ट्या असतात, प्रत्येक पट्टीला एक बारीक जीभ. सूर उतरला असेल तर जिभेचं टोक अगदी हलकं खरवडायचं, चढला असेल तर मुळाशी खरवडायचं. जास्त खरवडलं की जीभ वाया. हे मला तिनंच सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा असा काही उजळायचा की मला वाटायचं, ही मुलगी लोकांना अशीच का दाखवत नाहीत?

राजारामांनी लिहिलं होतं: आवडी – वाचन, संगीत, प्रवास, पाककला.

त्याचं फळ आम्ही सगळ्यांनी भोगलं. कानपूरहून हवाई दलातल्या मुलाची मंडळी आली. कागदात संगीत होतं, म्हणून मुलाच्या आईनं गायला सांगितलं. आता चंदाला गाता येत नाही. कान तयार, पण गळा म्हणजे बोलायची सोय नाही. मधुमतीवहिनी घाईघाईनं शेजारची पेटी घेऊन आल्या, निदान काही वाजवेल म्हणून. चंदानं दोन सूर वाजवून बघितले, कपाळाला आठ्या घातल्या आणि उठून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली. पाहुण्यांच्या समोर सतरंजीवर पेटी उघडून बसली.

"बस पाँच मिनट," ती म्हणाली.

पंधरा मिनिटं झाली. पोहे गार झाले. पेटी सुरात आली आणि स्थळ गेलं. जाताना मुलाची आई मला जिन्यात म्हणाली, "मुलगी चांगली आहे हो, पण आम्ही संगीत समजून आलो होतो. हे मिस्त्रीकाम आहे."

घरी रडारड झाली. वहिनींनी तिची अवजारं पलंगाखाली ढकलली. मी मात्र दुसऱ्या दिवशी नवा कागद लिहून घेऊन गेले. त्यात आवडींची ओळच नव्हती. त्याऐवजी होतं: 'चंद्रप्रभा हार्मोनियम दुरुस्त करते. गाता येत नाही, पण बेसूर पेटी ऐकली की तिला चैन पडत नाही. रविवारी तिच्या खोलीत पितळेचा कीस सांडलेला असतो.'

राजाराम म्हणाले, "पद्मिनीताई, हे वाचून कोण येणार? वाचन-प्रवास लिहिलं की कोणाचं काही बिघडत नाही."

"म्हणूनच कोणाचं काही जुळत नाही," मी म्हणाले.

चंदा दारात उभी राहून ऐकत होती. "काकू का वाला भेजिए," एवढंच बोलून ती आत गेली. राजारामांनी तोंड फिरवलं, पण कागद माझ्या हातातून काढून घेतला नाही.

मी तो मंडळांना पाठवून दिला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एकही उत्तर नाही. मधुमतीवहिनी देवळात भेटल्या तरी माझ्याकडे बघायच्या नाहीत. खोटं कशाला सांगू, मलाही झोप लागेनाशी झाली. दुसऱ्याच्या मुलीच्या आयुष्यावर आपण आपला हेका चालवला की काय, असं वाटायला लागलं.

थंडीत भुसावळहून एक कागद आला. शशिकांत आठल्ये, वय तेहतीस, विमा कंपनीत नोकरी, लखनौला बदली मागता येईल. आवडी – वाचन, प्रवास, संगीत. राजारामांनी पेढे आणायचंच बाकी ठेवलं. चंदानं कागद वाचला आणि मला परत दिला.

"काकू, ये तो सबमें लिखा रहता है. इनसे पूछिए ना, सच में क्या करते हैं."

मी पोस्टकार्ड टाकलं: मुलीनं विचारलंय, तुम्ही खरंच करता अशी एकच गोष्ट लिहून कळवा. ते कळल्यावर राजाराम माझ्यावर असे चिडले की दोन आठवडे आमचं बोलणं बंद होतं. एवढ्या महिन्यांत आलेलं एकमेव स्थळ, आणि आपण त्याची परीक्षा घेतोय.

मग उत्तर आलं. मी ते त्यांच्या घरी सगळ्यांसमोर वाचलं.

'आपलं कार्ड आल्यावर विचार करत बसलो. वाचन, प्रवास हे बहिणीनं लिहिलं होतं. माझे वडील स्टेशनमास्तर होते. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. रोज जेवण झालं की मी त्यांना रेल्वेचं वेळापत्रक वाचून दाखवतो. अमुक गाडी अमुक ठिकाणी इतका वेळ का थांबते यावर ते माझ्याशी वाद घालतात आणि जिंकतात. आम्ही दोघं अनेक वर्षांत कुठेही गेलेलो नाही. मला याची खरोखर आवड लागली आहे, एवढंच लिहिण्यासारखं आहे. वडील पुढेही माझ्याजवळच राहतील. पेटीच्या किसाचं मला काही वाटणार नाही.'

वहिनी हळूच म्हणाल्या, "आंधळा सासरा आहे म्हणजे घरात."

"आणि हे त्यानं स्वतःच लिहिलं," राजाराम म्हणाले. "शहाणा मुलगा असता तर लग्न होईपर्यंत गप्प बसला असता."

चंदानं माझ्या हातातून पत्र घेतलं, पुन्हा वाचलं. ही मुलगी घरात सगळ्यांना हिंदीत उत्तर द्यायची. त्या दिवशी ती शुद्ध मराठीत बोलली.

"बाबा, इतके कागद आले आणि गेले. माणूस हा पहिलाच आला."

राजाराम बराच वेळ चष्मा पुसत बसले. मला वाटलं, आता हे नाही म्हणणार आणि इथून पुढे या घरात मला पाऊल ठेवता येणार नाही. मग ते उठले आणि पायात चपला घालू लागले.

"चारबाग स्टेशनला जाऊन येतो," ते वहिनींना म्हणाले. "भुसावळची तिकिटं काढतो. मुलाकडचे बघायला येतात हा रिवाज मला माहीत आहे. पण दृष्टी गेलेल्या माणसाला एवढ्या लांब कशाला आणायचं? आपणच जाऊ."