जाईबाईंची चार वजनं

लालबागच्या त्या चाळीत जाईबाईंच्या मसाल्याइतकंच त्यांचं पारडं झटकणंही प्रसिद्ध होतं. माल घालण्याआधी त्या पारडं उलटं करून फटकन आपटत. खाली मेणबीण चिकटवलेलं नाही, हे गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे. सगळा धंदा त्या एका फटक्यावर उभा होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्चात लाठ्या चालल्या, पळापळीत त्यांची वजनांची पिशवी गेली. बाजार बंद, नवी मिळेनात. शेजारचा रघुवीर गिरणीत लेथवर होता. त्याने लोखंडाचे चार तुकडे घडवून आणले : एक, तीन, नऊ आणि सत्तावीस तोळ्यांचे.

"चारच? लोखंड संपलां काय रे?"

"मावशी, चाळीस तोळ्यांपर्यंत कुठलाही पूर्ण आकडा सांग."

त्याला पकडायचंच म्हणून जाईबाई म्हणाल्या, दोन. त्याने एका पारड्यात तीनचं ठेवलं आणि मालाच्या पारड्यात एकचं. आता काटा सरळ होईपर्यंत धने घाल, म्हणाला, ते दोन तोळे. मग पाच सांगितले. नऊचं इकडे, तीन नि एक धन्यांसोबत. त्या दुपारी जाईबाईंचा भात करपला, पण तराजू काही हातातून सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी मीराबाई आल्या. त्या ज्याच्याकडे घेतील त्याच्याकडेच अख्खा तिसरा मजला वर्षाचा मसाला घेई. त्यांना चौदा तोळे धने हवे होते. जाईबाईंनी सवयीने पारडं झटकलं आणि मोठ्या हौसेने त्याच पारड्यात नऊ, तीन, एक अशी तिन्ही वजनं मांडली, समोर सत्तावीसचं.

मीराबाईंनी पिशवी आवरली. "पारडां झटकून दाखवतंस आणि वर लोखंड घालतंस? इतकी उघड चोरी मी बघूक नाय गे."

कठड्याला टेकलेल्या शेजारणी पुढे सरकल्या.  समजावून सांगायला रघुवीर नव्हता, तो पाळीवर गेलेला. जाईबाईंनी ती तिन्ही वजनं उचलून समोरच्या पारड्यात ठेवली, सत्तावीसचं बाजूला काढलं आणि पारडं पुन्हा झटकलं.

"ह्ये तेरा. आता लोखंड तुझ्या धन्यांत नाय ना?" तेरा तोळे तोलून सुपात ओतले. मग एकच्या वजनाने आणखी एक तोळा. झाले चौदा, जुन्या रीतीने. तो ढीग पारड्यात घातला, त्याच्यासोबत तिन्ही वजनं आणि समोर सत्तावीसचं.

काटा मधोमध उभा राहिला.

मीराबाई वाकून बघत राहिल्या. धन्यांसोबतचं लोखंड समोरच्या लोखंडातून वजा होतं, हे त्यांनी पुटपुटत दोनदा मोजून पाहिलं. पिशवी खाली ठेवली.

"मिरी एकवीस तोळे. थांब, वजनां मी लावतंय."

सत्तावीसचं समोर, नऊचं मिरीच्या पारड्यात. अठरा होतात, हे कळल्यावर कपाळाला आठी. मग तीनचं हळूच सत्तावीसच्या शेजारी गेलं. बरोबर असल्याचं जाईबाईंनी मानेनेच सांगितलं, आणि मिरी ओतायला घेतली.

"थांब गे," मीराबाई म्हणाल्या. "आधी पारडां झटक."