कात्री कोणी खराब केली

मनवेलपाड्यातल्या आमच्या पार्लरमध्ये खुर्च्या तीन आणि माणसंही तीन. मी मालकीण. एक मोठी, जिचा हात दहा वर्षं कात्रीवर बसलाय. एक धाकटी, फुलपाड्याहून येणारी, कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. भांडण मला सहन होत नाही. हात काहीतरी पुसत सुटतात. त्या आठवड्यात आरसे इतके पुसले की कपडा विरला.

सुरुवात एका शिक्षिकेपासून झाली. ती मोठीची जुनी क्लायंट. मोठीच्या सुट्टीच्या दिवशी आली म्हणून धाकटीने तिचे केस कापले. पुढच्या वेळी आली ती सरळ धाकटीच्या खुर्चीत जाऊन बसली. त्या दिवसापासून धाकटीने ड्रायर मागितला की मोठीचं "थांब, लागतोय मला" सुरू झालं. मग टिपवरून कुरबुर. केस धुवायचे धाकटीने आणि टिप घ्यायची मोठीने, हे आधीही चालायचं, पण आता दोघींनाही ते दिसायला लागलं.

रविवारी पार्लर भरलेलं असताना मोठीच्या खुर्चीतली बाई ओरडली, "अगं, केस ओढतेस की कापतेस?"

मोठीने टिश्यू ओला करून कात्रीत धरला. चांगली कात्री ओला टिश्यू सुरेख कापते. ही नुसती चावत होती, टिश्यू पात्यांत दुमडत होता. ही तिची स्वतःची कात्री, पहिल्या पगारातून घेतलेली. केस कापायच्या कात्रीने दुसरं काही कापायचं नाही, धार जाते, हे आमच्या धंद्यात शिकाऊ पोरीलाही माहीत असतं.

"माझ्या कात्रीने भलतंच काही कोणी कापलं?" तिने विचारलं, आणि बघितलं धाकटीकडे.

"मी नाही ताई, शपथ!"

"मग काय भुताने कापलं? मॅडम, ही राहील नाहीतर मी."

मला त्या क्षणीच आठवलं. शुक्रवारी कलरची जाड पाकिटं फाटत नव्हती म्हणून काउंटरवर पडलेली कात्री उचलून मीच कापली होती, एकामागून एक सहा. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? "बघते मी."

पुढचे दोन दिवस माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. मालकिणीनेच कबूल केलं तर पोरी ऐकतील का, हे कारण मी स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे लाज वाटत होती. त्या लाजेपायी मी कागदावर नियम लिहीत सुटले. क्लायंट जिचं नाव घेईल तिचा, नाव न घेतलं तर पाळीप्रमाणे. टिप डब्यात, केस धुणारीलाही वाटा. ड्रायर सामाईक, कंगवे-कात्र्या ज्याच्या त्याच्या, वर नावाची चिकटपट्टी. नियम चांगलेच होते, आजही चालतात. पण दोघी त्या कागदाकडे अशा बघत होत्या की मी परत आरसे पुसायला घेतले. मोठीचं एकच चालू होतं, "कात्रीचं काय ठरलं?"

मोठी गेली तर निम्मे क्लायंट जातील हे मला कळत होतं. म्हणजे जाणार कोण, हे उघड होतं. आणि ते धाकटीलाही उघड दिसत होतं.

बुधवारी सकाळी धाकटी आली ती डोळे सुजवून. पर्सही न ठेवता मोठीसमोर उभी राहिली. म्हणाली, "ताई, माझ्याच हातून झालं असेल. चुकून. धार लावायचे पैसे माझ्या पगारातून कापून घ्या, पण मला काढायला सांगू नका."

न केलेली चूक तिने अंगावर घेतली, नोकरीसाठी.

"तिने नाही," मी म्हटलं. "मी. शुक्रवारी. कलरची पाकिटं."

मोठीने कात्री रुमालात गुंडाळली. माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती धाकटीकडे वळली. "चहा घेतलास का सकाळी? चल, आधी चहा घे." दारापर्यंत जाऊन थांबली आणि मला म्हणाली, "धार काय मॅडम, येईल परत. दोन दिवस रडवलंत पोरीला. आणि मलाही तिच्या अंगावर सोडलंत."

त्यानंतर त्या दोघींचं इतकं जमलं की विचारू नका. ड्रायर न मागता पुढे होतो, शिक्षिका आली की मोठीच हाक मारते, "अगं, तुझ्या मॅडम आल्या." मी बघते आणि मला आनंद होतो, खरंच होतो. फक्त संध्याकाळी निघताना दोघी आपापल्या कात्र्या एकाच कप्प्यात ठेवतात, कुलूप लावतात, आणि किल्ली एकमेकींत ठेवतात. माझ्याकडे देत नाहीत.