सासूबाईंचा अल्बम

आम्हा नवराबायकोच्या मोबाईलमधले सगळे फोटो मी लॅपटॉपवर एकत्र केले. वर्षाचं फोल्डर, त्यात नाताळ, लग्नं, सहली असे अल्बम. नवऱ्याने एकच सांगितलं होतं, आईचा अल्बम नीट कर.

रविवारी चर्चहून आल्यावर त्याने तोच आधी उघडला.

“आईचा शेवटचा नाताळ जूनमध्ये कसा?”

नाताळच्या दिवशी सासूबाईंचा दवाखान्यातला तो फोटो मीच काढला होता. जूनमधल्या त्यांच्या स्मरणसभेसाठी नवऱ्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला, त्याने कडा कापून चेहरा तेवढा ठेवला. त्या लहान, पुसट प्रतीला जूनचीच तारीख लागली. आणि दोन्ही एकच समजून मी मूळ फोटो उडवला होता. माझा मोबाईल तर मी कालच रिकामा केला होता.

“रिसायकल बिन रिकामं केलंस?”

आठवेना. मी बिन उघडलं. वर्गात मुलांना धांदरट म्हणणारी मी.

शेकडो फोटोंच्या तळाशी तो सापडला. मी तो परत आणला, मोठा करून दाखवला. सासूबाईंच्या खांद्यावर कडेने आलेला माझा डावा हात होता आणि त्यात आमच्या लग्नाची अंगठी.

त्याने स्क्रीनवर त्या अंगठीवर बोट ठेवलं.

“मी नर्सचा हात समजून कापला होता,” तो म्हणाला.