दोनशे चौदांची बाकी

तिला ऑफिसात सगळे इस्त्रीबाई म्हणायचे. कपड्यांशी तिचा काही संबंध नव्हता. कुणीही चुरगळलेलं, तिरकस, रागाच्या भरात लिहिलेलं पत्र तिच्या टेबलावर आणून टाकावं, आणि अर्ध्या तासात ते कडक घडी घातल्यासारखं परत न्यावं. दोरे, बटणं, चेन, अस्तर असला शिवणकामाचा माल घाऊक विकणाऱ्या त्या पेढीत ती एकोणीस वर्षं येण्यांच्या विभागात होती. म्हणजे कुणाकडून किती यायचं आहे ते बघायचं आणि आलं नाही तर पत्र लिहायचं. मागायचं तर मागायचंच, पण समोरच्याला खुर्ची देऊन मागायचं, हा तिचा बाणा.

ती बाणेदार होती, पण त्या आठवड्यात तिची झोप उडालेली होती. येण्यांच्या विभागात टेबलं दोन, आणि नवीन मालकांनी सांगितलं होतं की पुढच्या महिन्यापासून एकच राहील. एक तिचं आणि एक समोरचीचं. समोरची कॉम्प्युटरवर दहा बोटांनी टाइप करायची, इस्त्रीबाई चारांनी. कोण राहणार ते साहेब शुक्रवारी कळवणार होते. घरी नवरा दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडल्यापासून कंबर धरून बसलेला. मुलगी परगावी होस्टेलवर, तिची फी दर सहा महिन्यांनी. घरात येणारा पगार एकच, आणि तो या टेबलावरून यायचा.

आज गुरुवार होता.

सकाळीच साहेबांनी एक गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. "वर्षअखेर आली. पाचशेच्या आतल्या, तीन वर्षं जुन्या बाक्या सोडून द्यायच्या आहेत. एकेचाळीस खाती. प्रत्येकाच्या मंजुरीच्या फॉर्मवर मी सही केली आहे, नोंद संध्याकाळी पाचला होईल. पत्राचा मसुदा केलाय, जरा हात फिरवा. चारला टपालवाला येतो."

मसुदा वाचून इस्त्रीबाईंच्या कपाळाला आठी पडली. 'आपल्या खात्यावरील वसूल न होणारी रक्कम निर्लेखित करण्यात येत असून आपले खाते बंद करण्यात येत आहे. आभारी आहोत.' हे पत्र ज्याला मिळेल त्याला वाटेल आपण दिवाळखोर तरी झालो किंवा मेलो तरी.

तिने पेन उचललं. 'वसूल न होणारी' आधी काढलं. माणसाला तोंडावर बुडव्या म्हणायचं आणि वर आभार मानायचे, हे कसले आभार? 'निर्लेखित'ही काढलं, कारण तो शब्द फक्त हिशेबनीसाला कळतो आणि सोडलेली रक्कम पुढे कधी पुन्हा मागतील की काय, ही धास्ती राहते. त्या जागी तिने लिहिलं, 'ही रक्कम आम्ही कायमची सोडून दिली आहे. यापुढे तिच्यासाठी आमच्याकडून कुणीही मागणी करणार नाही. आपल्याकडून आम्हाला आता काहीही येणे नाही.' मग, 'खाते बंद करत आहोत. पुन्हा माल हवा असल्यास नवे खाते आनंदाने उघडू.' आणि शेवटी, 'आपण इतकी वर्षे आमच्याकडून माल घेतलात, त्याबद्दल मनापासून आभार.'

'इतकी' वर तिचं पेन अडलं. सरसकट 'इतकी' लिहिणं म्हणजे नाव न घेता हाक मारणं. प्रत्येकाच्या पत्रात खरा आकडा घालायचा तिने ठरवलं. सात वर्षे, बारा वर्षे, जे असेल ते. म्हणजे एकेचाळीस फायली उघडणं आलं. समोरची हसली. "बाई, कॉम्प्युटरवर पहिली तारीख दिसते की."

"तिथे फक्त कॉम्प्युटर आला तेव्हापासूनची दिसते," असं म्हणून ती कपाटाकडे गेली.

तेविसावी फाइल दोन बहिणींच्या टेलरिंगच्या दुकानाची होती. दोन मशीन, एक खोली, चौदा वर्षांचं खातं. बाकी दोनशे चौदा. मागे स्मरणपत्रांच्या अकरा प्रती होत्या, अकराही तिच्याच हातच्या. 'आपल्यासारख्या जुन्या ग्राहकांकडून हे राहून गेले असावे, याची आम्हास खात्री आहे...' वाचताना तिला जरा बरंच वाटलं. त्यात ग्राहकाचीही दोन पत्रं होती, निळ्या शाईत. 'निळ्याऐवजी काळ्या रिळांचा डबा आला होता. तो परत केला आहे. त्याचे दोनशे चौदा कापून बाकीचे दिले आहेत.' त्याखाली तिचं उत्तर: 'आमच्या नोंदीत असा परतावा आढळत नाही, तरी कृपया पुन्हा एकदा पडताळून पाहावे.'

पहिल्या बिलाची तारीख बघायला तिने फाइल तळापासून उलटी केली, आणि एका बिलाच्या पाठीला पिनने टोचलेली पिवळी चिठ्ठी तिच्या बोटाला लागली.

परत आलेल्या मालाची चिठ्ठी. एक डबा, काळी रिळं. माल मिळाला. खाली सही.

सही तिचीच होती.

तिला आठवलं. गेटवरचा कारकून आठवडाभर आजारी होता आणि सकाळी दोन तास माल उतरवून घ्यायला तिला बसवलं होतं. चिठ्ठीची पिवळी प्रत जमापत्राच्या ट्रेमध्ये जायला हवी होती. तिथून जमापत्र निघतं, म्हणजे तेवढी रक्कम ग्राहकाच्या खात्यातून कमी होते. तिने ती फायलीला लावून टाकली होती. जमापत्र निघालंच नाही. पुढे बहिणींनी कळवलं तेव्हा तिने कॉम्प्युटरवर शोधलं आणि फाइल मागे उलटून पाहिलीच नाही. नाही म्हटलं, तेही किती गोड शब्दांत!

घड्याळात सव्वादोन झाले होते.

काहीच करायची गरज नव्हती, हीच खरी पंचाईत होती. पत्र तयार होतं, सही झालेली होती. पाच वाजता नोंद होईल, रक्कम जाईल, खातं बंद होईल, फाइल वर माळ्यावर जाईल. चिठ्ठी कुणी बघणार नाही. बहिणींच्या मागचा ससेमिराही सुटेल. कुणाचं काय बिघडलं? आणि शुक्रवार उद्यावर आला होता.

तिने बहिणींचं पत्र प्रिंट केलं. 'ही रक्कम आम्ही कायमची सोडून दिली आहे.' मघाशी याच वाक्यावर ती खूश झाली होती. आता ते वाचवेना. जे त्यांनी कधी देणं लागतच नव्हतं, ते आपण मोठ्या मनाने सोडून देतोय! वर चौदा वर्षांचे आभार. तिला स्वतःचीच शिसारी आली.

पाकीट उघडं ठेवून तिने दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा मुलीच्या फीचा कागद पर्समधून काढला आणि परत ठेवला. पावणेतीनला ती चिठ्ठी घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

साहेबांनी चिठ्ठी वाचली, दार लोटून घेतलं. "कुणी बघितली?"

"मी."

"मग झालं तर. दोनशे चौदा आहेत बाई, दोन लाख नाहीत. जाऊ दे ना."

"ही बाकी बुडीत नाही, साहेब. जमापत्र आपण करायचं राहिलं. हिला बुडीत खात्यात टाकलं तर हिशेबच खोटा होतो. आणि पत्रही."

"पैसे द्यावे लागू नयेत, एवढंच त्यांना हवं. ते तर होतंयच." साहेब थांबले. आवाज खाली आला. "उद्या मला राहणारीचं नाव द्यायचंय. मी तुमचं लिहिणार होतो. आता हे उघड केलंत तर या खात्याचा फॉर्म रद्द, कारण लिहावं लागणार, आणि ते वर जाणार. अकरा पत्रं गेलीत चुकीची. मला मग काय तोंड राहतं?"

इस्त्रीबाई उभ्याच होत्या. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. एकोणीस वर्षांत साहेबांना त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"फॉर्म रद्द करा, साहेब. कारण मी लिहिते."

साहेबांनी फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि तो कागद तिच्याकडे सरकवला. तिने लिहिलं: 'परत आलेल्या मालाचे जमापत्र माझ्याकडून राहून गेले.' खाली तीच सही.

पत्र लिहायला मात्र वेळ लागला नाही. पहिल्यांदाच तिने मसुदा केला नाही. 'तुम्ही रिळांचा डबा परत केला होता. तो मीच घेतला होता. तुमच्याकडे आमचे दोनशे चौदा कधीच नव्हते. त्यासाठी पाठवलेली अकरा पत्रे चुकीची होती. मला माफ करा. खाते चालू ठेवायचे की बंद, ते तुम्ही सांगा.' खाली ऑफिसचा नंबर. उरलेल्या अठरा फायलींचीही पत्रं पुरी करून, चाळीस पाकिटांत एकेचाळिसावं टाकून तिने गठ्ठा टपालवाल्याच्या हातात दिला.

शुक्रवारी साहेबांनी समोरचीचं नाव सांगितलं. समोरची रडली, इस्त्रीबाई नाही. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "फीचं बघू काहीतरी." काय बघणार ते दोघांनाही माहीत नव्हतं.

सोमवारी अकराच्या सुमाराला फोन आला. थोरली बहीण होती.

"पत्र मिळालं. हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"आणि आधीची?"

"तीही मीच."

पलीकडे मशीन चालू होतं, ते थांबलं. "फार सभ्य असायची हो तुमची पत्रं. इतकी सभ्य, की मला वाटलं, एवढी चांगली माणसं खोटं कशाला लिहितील? धाकटी म्हणत होती, मी स्वतः डबा देऊन आले. मी तिला म्हटलं, तू दिलाच नसशील, पैसे ठेवून घेतले असशील. दोनशे चौदांसाठी मी माझ्या बहिणीला चोर म्हटलं. दोन वर्षं झाली, ती गेली निघून. दुसऱ्याच्या दुकानात काज करते, बटणं लावते."

इस्त्रीबाईंनी त्यांची फाइल पुढ्यात ओढली.

"खातं बंद करा," थोरली म्हणाली. "माल आता घेत नाही मी. एकटीला झेपत नाही. पण तुमचं पत्र मी तिला दाखवायला गेले तर ती दार उघडणार नाही. तिचा नंबर देते. तुम्ही सांगाल?"

तिने नंबर पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतला. काय बोलायचं ते आधी लिहून काढावं म्हणून सवयीने पेन टेकवलं, मग बाजूला ठेवलं आणि फोन लावला. चार वेळा वाजला. पाचव्यांदा एक थकलेला आवाज म्हणाला, "कोण?"

"तुम्ही काळ्या रिळांचा डबा आणून दिला होता," इस्त्रीबाई म्हणाल्या. "माझ्या हातात दिला होतात. माझी सही आहे त्यावर."